नारंगी मुळं, काळी टोकं

मावशीचं खरं नाव घरातल्या कागदपत्रांवर तेवढं उरलं होतं. पार्लरमध्ये हाताखाली शिकायला आलेल्या मुली तिला मावशी म्हणायच्या. त्या मुलींची लग्नं झाली, त्यांच्या मुली गिऱ्हाईक म्हणून यायला लागल्या, त्याही मावशीच म्हणत. पुढे वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत केसांबद्दलचं सदर सुरू झालं, तेव्हा नावाच्या जागी काय छापायचं असा प्रश्नच आला नाही.

सदर तिच्याकडे आलं ते हात गेले म्हणून. हात गेले म्हणजे तुटले नाहीत. पण उभा जन्म रंगाच्या वाटीत गेल्यावर एके वर्षी बोटांच्या पेरांमधून कातडी सोलायला लागली. आधी खाज, मग चिरा. डॉक्टर म्हणाले, रंगातलं जे द्रव्य केस काळे करतं तेच तुमच्या अंगाला चालेनासं झालंय, आता हातमोजे घालूनसुद्धा नको. मावशीने पार्लर एका शिष्येला देऊन टाकलं आणि घरी येऊन बसली. स्वयंपाकघरातल्या खिडकीपाशी बसून रस्त्यावरून जाणाऱ्या बायकांच्या डोक्यांकडे बघत राहायची. "हिने घरी लावलाय. हिने मागच्या बाजूला नीट लावलाच नाही. ही नवऱ्याकडून लावून घेते." काका पेपराआडून म्हणायचे, "अगं, लोकांची डोकी सोड आता." काका म्हणजे मावशीचे यजमान. बस डेपोत वेळापत्रक सांभाळून निवृत्त झालेले, जपून बोलणारे गृहस्थ.

मावशी जपून बोलणाऱ्यांतली नव्हती. जीभ तिखट, आणि तिखटाला गिऱ्हाईक असतंच. सदर बघता बघता लोकांना आवडायला लागलं. कुणी लिहिलं की लिंबू चोळून केस सोनेरी होतात का, तर मावशीचं उत्तर, "होतात, आणि त्यांचा झाडूही होतो." पुरवणी सांभाळणारी बाई खूश होती. दर आठवड्याला उत्तरातलं एक झणझणीत वाक्य उचलून ती मोठ्या अक्षरांत चौकटीत टाकायची. लोक आधी चौकट वाचायचे, मग जमलं तर बाकीचं.

त्या नवरीचं पत्र आलं ते असंच एका गठ्ठ्यात. सोबत दोन फोटो. पत्र लहान होतं. लग्नात केसांना अक्रोडाच्या सालीसारखा हलका तपकिरी रंग हवा होता. आदल्या दिवशी लावला. लावला तेव्हा बरा वाटला. लग्नाच्या दिवशी सकाळी उन्हात आले तर डोक्यापाशी नारंगी आणि खाली काळेभोर. नवऱ्याच्या आत्याने सगळ्यांसमोर विचारलं की हे असंच ठेवायचं होतं का. फोटो बघवत नाहीत. "आता काय करू? कुणी लावला ते महत्त्वाचं नाही, ओळखीतल्याच पार्लरमध्ये लावला. फक्त उपाय सांगा."

मावशीने फोटो खिडकीपाशी धरले. एक मांडवातला, दिव्यांच्या झोतातला, दुसरा अंगणातला. डोक्यापासून चारेक बोटं केस तांब्याच्या भांड्यासारखे पेटलेले, आणि तिथून खाली, जणू पट्टी धरून रेघ मारावी तसे, काळेकुट्ट.

"अहो, हे बघा," तिने काकांना हाक मारली. "हिने आधी घरी काळा रंग लावलेला आहे. वर्ष-दीड वर्ष लावत असणार. मग सोडला. चार बोटं नवीन केस आले, ते तिचे स्वतःचे. आणि पार्लरवालीने सगळ्याला एकच रंग फासला."

"मग नारंगी का झालं?"

आणि मावशीने काकांना ते सगळं सांगितलं, जे ती पुढे कागदावर उतरवणार होती. केसावर एकदा बसलेला बाटलीतला रंग दुसऱ्या बाटलीतल्या रंगाने उजळत नाही. रंगाने रंग चढतो, उतरत नाही. म्हणून खालचा काळा हलला नाही. वरचे केस मात्र कोरे. त्यांच्यावर जोरकस डेव्हलपर पडला, म्हणजे रंगात कालवतात ते औषध. त्याने केसांतला मूळचा काळेपणा उडाला. आपल्यासारख्या गडद केसांचा काळेपणा उडाला की खालून आधी लाल, मग नारंगीच निघतो. तो झाकायला रंगात थोडी राखाडी-निळी झाक लागते, आणि हिने मागितलेल्या अक्रोडी रंगात असते सोनेरी. त्यात डोक्याची ऊब. टाळूपाशी रंग भराभर चढतो. म्हणून कोऱ्या केसांना आधी लांबीला लावायचा आणि मुळांना सगळ्यात शेवटी. इथे बाईने मुळांपासूनच सुरुवात केलेली दिसते.

"आणि तेव्हाच कसं दिसलं नाही?"

"ओले केस गडद दिसतात. वर ट्यूबलाइट. वाळून उन्हात येईपर्यंत कोण बघतंय?"

काकांनी मान डोलावली. सकाळी त्यांना एवढं ज्ञान पुरे होतं.

मावशीने उत्तर लिहिलं, आणि उत्तर चांगलं होतं. घरी ब्लीच करायला जाऊ नकोस, असं तिने पहिल्याच ओळीत बजावलं. नारंगी आणखी भडकेल आणि काळे केस डागाडागांनी उतरतील. दोन वाटा दिल्या. एक, खालचा जुना रंग काढायचं औषध चांगल्या पार्लरमध्ये लावून घ्यायचं, पण ते एका बैठकीत होत नाही आणि केसांना मध्ये विसावा द्यावा लागतो. दुसरी सोपी: वरचं नारंगी खाली आणायचं. अमोनिया नसलेला गडद तपकिरी, राखाडी झाकेचा रंग, अगदी सौम्य डेव्हलपरमध्ये, फक्त नारंगी भागावर. निळसर झाक नारंगीला मारते. कानामागच्या एका बटेवर आधी करून बघायचं. अक्रोडी रंग मिळणार नाही, पण डोकं एकाच माणसाचं वाटेल.

इथवर सगळं ठीक होतं. पण कागद संपला नव्हता आणि हातात लय आली होती. शेवटी मावशीने लिहिलं: "आणि त्या पार्लरवालीला माझा निरोप दे. एक बट तपासून न बघता जे हात नवरीच्या डोक्यावर रंग थापतात, त्या हातांनी यापुढे टॉवेलच्या घड्या घालाव्यात, ब्रशच्या वाटेला जाऊ नये."

तिने ते मोठ्याने वाचून दाखवलं. काकांनी पेपर खाली ठेवला.

"शेवटचं जरा जास्त होतंय."

"खोटं आहे का?"

"खोटं नाही. पण मुलीने म्हटलंय ना, कुणी लावला ते महत्त्वाचं नाही. काहीतरी असेल."

"तुम्ही बसगाड्यांचं बघा," मावशी म्हणाली आणि पाकीट चिकटवलं.

वाक्य अर्थातच चौकटीत आलं, फिकट गुलाबी रंगावर. त्या आठवड्यात मावशीला ढिगाने पत्रं आली. एकीने तर ते वाक्य कापून आपल्या पार्लरच्या आरशावर लावल्याचं कळवलं. मावशीला बरं वाटलं. कौतुक कुणाला नको असतं?

मग एका दुपारी दारावर थाप पडली. दारात तरुण मुलगी, डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला. वर्तमानपत्राच्या कचेरीतून पत्ता मिळवून आलेली. मावशीने तिच्या चेहऱ्याकडे बघायच्या आधी रुमालाच्या कडेला बघितलं. कानापाशी नारंगी डोकावत होतं.

"ये, बस. उपाय केला नाहीस अजून?"

मुलगी बसली. पाणी दिलं तर घोटभर प्यायली आणि म्हणाली, "मावशी, तो रंग माझ्या ताईने लावला होता."

मावशीने खुर्ची जवळ ओढली.

"सख्ख्या. थोरल्या. तिने पुढच्या खोलीत स्वतःचं पार्लर काढलं होतं, नुकतंच. दोन खुर्च्या. लग्नात मला हे तिच्याकडून, म्हणाली. घरात पाहुणे, एक येतोय एक जातोय, चहाची भांडी, आणि मधल्या मध्ये ती माझे केस करत होती. मी पत्रात मुद्दाम लिहिलं नाही. मला वाटलं, उपाय छापून येईल, मी गुपचूप करून घेईन."

"नाव नव्हतं ना छापलं कुणाचं?"

"नाव कशाला लागतं? सगळी गल्ली लग्नाला होती. नारंगी डोक्याची नवरी त्या महिन्यात दुसरी कोण होती?" मुलीचा आवाज जरा चढला आणि लगेच खाली आला. "आता बायका दारावरून जाताना हसून विचारतात, काय हो, टॉवेल झाले का घड्या घालून? गमतीने विचारतात. वाईट नाहीत त्या. पण ताईकडे येत कुणी नाही."

मावशीचं लक्ष स्वतःच्या हातांकडे गेलं. तिने ते पदराखाली घेतले.

"आणि तुला एक विचारू?" ती हळूच म्हणाली. "आधी काळा रंग लावलेलास, ते तिला माहीत होतं?"

मुलगी रडायला लागली. थोड्या वेळाने कळलं ते असं. ताईने विचारलं होतं. खुर्चीत बसवून, केस विंचरत, सरळ विचारलं होतं: आधी कशाने रंगवलेस का? आणि धाकटी म्हणाली होती, नाही. कारण बाजारातल्या पुडीतला काळा रंग लावू नकोस म्हणून ताईने तिला कितीदा बजावलं होतं, आणि तिने कॉलेजच्या वसतिगृहात राहून तो दर महिन्याला लावला होता. लग्नाच्या आदल्या दिवशी बोलणी कोण खाणार? गडद केसांचं असं असतं की घरचा काळा आणि देवाने दिलेला काळा ट्यूबलाइटखाली सारखेच दिसतात. ताईने विश्वास ठेवला.

मावशीने आपल्या हाताखालच्या प्रत्येक मुलीला पहिल्याच दिवशी एक शिकवलं होतं: गिऱ्हाईक खोटं बोलतं, लाजेने बोलतं, म्हणून दोनदा विचारा आणि दुसऱ्यांदा वेगळ्या शब्दांत विचारा. आणि या पत्राला उत्तर देताना तिने स्वतः एकदाही विचारलं नव्हतं. दोन ओळींचं कार्ड टाकलं असतं तर चाललं असतं. फोटोत एवढं दिसलं, आणि तेवढ्यावर तिने माणसाचा निकाल लावला.

"मावशी, चूक माझी होती असं छापाल का?"

"छापते," मावशी म्हणाली. "पण तू ताईला सांगितलंस का?"

धाकटीने नकारार्थी मान हलवली.

मावशीने खुलासा लिहिला. तिखट नव्हता, लांबही नव्हता. पुरवणीवालीने फोनवर वाचून घेतला आणि म्हणाली, "मावशी, खुलासे कोण वाचतं हो? पण तुम्ही म्हणताय तर टाकते." टाकला. शब्दकोड्याच्या उत्तरांखाली, इतक्या बारीक अक्षरांत की काकांना चष्मा पुसावा लागला. त्याबद्दल एकही पत्र आलं नाही.

पुढच्या आठवड्यात मावशी स्वतः गेली. धाकटी बरोबर होती. गल्ली अरुंद, घरांच्या पुढच्या खोल्यांमध्ये कुणाचं शिंप्याचं मशीन, कुणाचं झेरॉक्स. ताईच्या खोलीवर पाटी होती, पण दार अर्धं लोटलेलं. आत दोन खुर्च्या भिंतीला तोंड करून ठेवलेल्या, आरशावर चादर. ताई पस्तिशीची असेल, उंच, केस घट्ट वर बांधलेले. तिने मावशीला ओळखलं. पुरवणीत फोटो यायचाच.

"या," ती म्हणाली. खुर्ची वळवून पुसून दिली.

वाटेत मावशीने मनात बरंच काही जुळवून ठेवलं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच: "मी तुमची माफी मागायला आले."

"मला अहो-जाहो नका करू. तुमच्या लेकीच्या वयाची आहे मी." मग ताई थांबली. "आणि लिहिलंत ते चूक कुठे होतं? बट मी तपासलीच नव्हती. मुळांपासून सुरुवात केली, तीही मीच. घाई होती. घाई ही काही सबब नाही."

"ताई," धाकटी मध्येच म्हणाली, "मी खोटं बोलले होते. मी काळा लावायचे. हॉस्टेलवर."

ताईने तिच्याकडे बघितलं, रागाने नव्हे.

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"केस धुताना. पाण्याखाली धरले तेव्हाच कळलं. वरचे केस हाताला खडबडीत लागले, खालचे जसेच्या तसे गुळगुळीत. रंग हललाच नव्हता. कुणालाही कळलं असतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझं लग्न होतं दुसऱ्या दिवशी. रडवायचं का तुला?" ताई जरा हसली. "मला वाटलं, अंबाडा घातला की झाकेल. त्यात दिव्यांचा झोत असा पडला की काही झाकलंच नाही."

मावशी त्या दोघींकडे बघत बसली. हिला सगळं ठाऊक होतं. गल्ली हसत असताना एका वाक्यात ती हात झटकू शकली असती: माझ्या बहिणीने मला खोटं सांगितलं. ते वाक्य तिने उच्चारलं नाही. आणि मावशीने, जिला काहीच ठाऊक नव्हतं, तिने आपलं वाक्य चौकटीत छापून घेतलं.

"हिचं डोकं आपण नीट करूया," मावशी म्हणाली. "मला रंगाला हात लावता येत नाही. तू करायचंस. मी शेजारी बसते."

ताई आधी नाही म्हणाली. धाकटीने हट्ट धरला. मावशीने आणलेल्या ट्यूबमधला थेंबभर रंग ताईने धाकटीच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावून ठेवला, अंगाला सोसतो का बघायला. दोन दिवसांनी कातडी स्वच्छ होती, म्हणून मावशी पुन्हा गेली. या वेळी आरशावरची चादर काढलेली होती.

ताईने केस धुऊन टॉवेलने टिपले. ओलसर ठेवले, गळणारे नाही. कानामागची एक पातळ बट वेगळी काढून तिला रंग लावला आणि तिघी वाट बघत बसल्या. एकदा उजळलेला केस स्पंजासारखा असतो, रंग पटकन पितो. ताई दर थोड्या वेळाने कापसाने बट पुसून बघत होती. नारंगी विझत गेलं, मग काळपट तपकिरी झालं. ती धाकटीला हाताला धरून दाराबाहेर घेऊन गेली, बट वाळवली आणि वळवून वळवून बघितली. परत आली तेव्हा म्हणाली, "जरा आधी थांबवायला हवं. नाहीतर शेवाळी दिसेल."

"बरोबर," मावशी म्हणाली. तिला हेच सांगायचं होतं.

मग ताईने सबंध डोकं केलं. बारीक भाग पाडत, ब्रश आडवा धरून, फक्त नारंगीवर. रेघेपाशी पोचली की ब्रश हलका करायची. अगदी शेवटी, धुवायच्या जरा आधी, तिने रुंद दातांचा कंगवा रेघेवरून दोन-तीनदा ओढला. नवा रंग जुन्या काळ्यात मिसळला आणि पट्टी मारल्यासारखी दिसणारी ती कड पुसली गेली. हे मावशीने सांगितलं नव्हतं. मावशीच्या हाताखाली इतक्या मुली शिकून गेल्या, त्यांतल्या किती जणींचा हात इतका हलका होता, हे तिने मनातल्या मनात मोजलं आणि मग मोजायचं सोडलं.

केस वाळले. अक्रोडी नव्हते, पण शांत, गडद, एकसारखे. धाकटी आरशात बघत राहिली आणि मग बहिणीच्या कमरेला मिठी मारून बसली.

मावशीला वाटलं, झालं. आता ही खुर्च्या पुन्हा वळवेल.

ताईने वाट्या धुतल्या, ब्रश उभे करून वाळत ठेवले. "छान झालं," ती म्हणाली. "शेवटचं काम चांगलं झालं, बरं वाटलं. सोमवारपासून मी धाग्या-बटणांच्या दुकानात जातेय. काउंटरवर."

"अगं, पण कशाला? बघितलंस ना आत्ता? मी पुन्हा लिहिते. तुझ्याबद्दल लिहिते, पाटीसकट."

"नको," ताई घाईने म्हणाली. मग शांतपणे: "मावशी, राग नाही हो. पण आत्ता सबंध वेळ माझ्या डोळ्यांसमोर टॉवेलच्या घड्याच होत्या. तुम्हाला दिसल्या नाहीत. दुसऱ्याची मुलगी खुर्चीत असती तर मला जमलं नसतं. ते वाक्य बायका विसरतील. ब्रश उचलला की मलाच आठवतं."

मावशीने घरी येऊन काकांना सगळं सांगितलं. काकांनी "सांगितलं होतं मी" असं म्हटलं नाही. त्यांनी चहा केला. तेही तिला सोसलं नाही.

सदर पुढेही चाललं, पण मावशी बदलली. पत्र आलं की आधी उलट कार्ड टाकायची: आधी काय लावलं होतं, कुणी लावलं, त्या व्यक्तीशी तुमचं नातं काय? उत्तरं यायला आठवडे जायचे. जे छापून यायचं ते मऊ आणि लांबलचक. पुरवणीवाली म्हणायची, "मावशी, तिखट कुठे गेलं? चौकटीत टाकायला काही मिळत नाही." एक दिवस ती जागा एका तरुण डॉक्टरला दिल्याचं पत्र आलं. मावशीने ते वाचून घडी करून ठेवलं. वाईट वाटलं, पण जेवढं वाटेल असं वाटलं होतं तेवढं नाही.

धाकटीचे केस वाढले. काळी टोकं थोडी थोडी कापत तिने एके दिवशी सगळी घालवली. ताईच्या पुढच्या खोलीत शिकवणीवाले मास्तर भाड्याने आले आणि पाटी उतरली.

त्यानंतर एकदा बसथांब्यावर मावशीला ताई भेटली. खांद्याला दुकानाची पिशवी, तब्येत बरी दिसत होती. तिने बाकावर सरकून जागा केली. मावशी बसली. ऊन, बसचा उशीर, धाकटीला दिवस गेलेत, असं इकडचं तिकडचं बोलणं झालं. बस दिसली तशी ताई उठली आणि मावशीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "वाचते हं मी अजून तुमचं. दर रविवारी."

मावशीचं सदर बंद होऊन चार महिने झाले होते.

"वाच हो," मावशी म्हणाली.

ताई बसमध्ये चढली. खिडकीतून तिने हात केला. मावशीनेही केला, आणि गर्दी पांगल्यावरही ती तिथेच बसून राहिली.